बोटांखाली काय आहे? कॅटलॉगच्या फोटोतला हात ठेवायचा की काढायचा

आजचा भाग ऐकताना तुमच्या फोनमधला एखादा असा फोटो आठवा, ज्यात तुम्ही एक वस्तू हातात धरून फोटो काढलाय. कानातलं असेल, लोणच्याची बरणी असेल, जुना चार्जर विकायला काढला असेल तर तोही चालेल. आता ती वस्तू पांढऱ्या बॅकग्राउंडवर हवी आहे. मागची भिंत गेली, पडदा गेला, सगळं गेलं. हाताचं काय करायचं?

मी कॅटलॉगसाठी फोटो कटआउट करून देते. सात वर्षं झाली. या प्रश्नावर मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले, आणि माझ्या चुकीचे पैसे दुसऱ्या माणसाचे अडकले. म्हणून आज तेवढंच सांगणार आहे.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याची भांडी हाताने ठोकून करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या तिथे काम करतात. भांड्याच्या अंगावर हातोडीचे जे छोटे छोटे गोल ठोके ओळीने दिसतात ना, त्याला मठारकाम म्हणतात. ते शोभेसाठी तर असतंच, पण ठोकल्याने पत्रा कडक होतो, भांडं सहज चेपत नाही. तर अशाच एका कारागीर काकांच्या पुतण्याने मला ३८ फोटो पाठवले. 'ताई, दुकानदारांना पाठवायला पीडीएफ कॅटलॉग करायचंय, सगळं पांढऱ्यावर पाहिजे.'

सगळे ३८ फोटो हातात धरून काढलेले. मी विचारलं, टेबलावर ठेवून का नाही काढले? तर म्हणाला, 'टेबल आहे कुठे? आत अंधार, उजेड फक्त दारात. काका दारात उभे राहून भांडं धरायचे, मी समोरून फोटो काढायचो.' म्हणजे प्रत्येक फोटोत काकांचा डावा हात. अंगठ्याच्या नखाखाली काळं, मनगटावर लाल दोरा, बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

मी काही विचारच केला नाही. मला शिकवलेलंच तसं होतं: कटआउट म्हणजे वस्तू ठेवा, बाकी उडवा. हात ही वस्तू नाही, म्हणून हात उडवा. दोन रात्री बसले आणि ३८ च्या ३८ हात काढून टाकले.

आता हात काढणं म्हणजे नेमकं काय, ते जरा समजून घ्या, कारण गोची तिथेच आहे. हाताचा जो भाग भांड्याच्या बाहेर आहे, मनगट, तळव्याची कड, तो काढणं सोपं. त्याच्या जागी पांढरं येतं. पण जी बोटं भांड्याच्या पुढून आली आहेत, ती काढली की तिथे भांडं येत नाही. तिथे भोक पडतं. कॅमेऱ्याने त्या जागेचं भांडं कधी पाहिलेलंच नाही. तिथे जे काही दिसणार, ते तुम्ही काढलेलं चित्र असणार.

त्यात एक जग होता. तांब्याचा, पाण्याचा, साधारण दीड लिटरचा, आणि त्याला पितळी दांडा. दांड्याचं खालचं टोक भांड्याला एका रिव्हेटने ठोकलेलं स्पष्ट दिसत होतं. वरचं टोक काकांच्या अंगठ्याखाली होतं. मी काय केलं? खालचं टोक कॉपी केलं, फिरवलं, वर बसवलं. खाली एक रिव्हेट, म्हणून वर एक रिव्हेट. उजेड जुळवला, कडा मऊ केल्या. खोटं सांगत नाही, मला स्वतःला तो फोटो फार आवडला होता.

खरा जग बघितला असता तर कळलं असतं की वरच्या टोकाला दोन रिव्हेट आहेत. भरलेल्या जगाचं वजन ओतताना वरच्या जोडावर येतं, म्हणून तिथे दोन.

पुढे काय झालं बघा. बाहेरगावच्या एका दुकानदाराने कॅटलॉग पाहून २० जग मागवले. माल पोचला आणि त्याचा फोन आला की फोटोत एक रिव्हेट आहे, मालात दोन आहेत, म्हणजे तुम्ही दुरुस्त केलेला, परत आलेला माल मला पाठवलात. त्याच्या बाजूने विचार करा. जादा रिव्हेट ही खरोखरच दुरुस्तीची खूण असू शकते. दांडा सैल झाला की कारागीर आणखी एक ठोकतो. काकांनी ज्या गोष्टीने जग मजबूत केला होता, ती माझ्या फोटोमुळे खोट वाटायला लागली. त्याने पैसे अडवले. पुतण्याने मूळ फोटो पाठवला, व्हिडिओ कॉलवर कारखान्यातले जग दाखवले, तेव्हा सहा आठवड्यांनी पैसे सुटले. सहा आठवडे २० जगांचं तांबं काकांच्या खिशातून.

आणि बरं का, दुकानदार भांडला हे चुकीचं नाही. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात विक्रेत्यावर सरळ जबाबदारी आहे की जाहिरातीत दाखवलेले गुण मालात नसतील तर माल परत घ्यायला नकार देता येत नाही. आमचा व्यवहार त्या नियमाखाली येणारा नव्हता, तो घाऊक होता, पण तत्त्व तेच. फोटो हे वर्णन आहे. मी वर्णनात एक ओळ मनाने घातली होती.

त्यानंतर मी ३८ फोटो पुन्हा उघडले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. या बोटांखाली काय आहे, आणि ते मला कशावरून माहीत आहे?

काही ठिकाणी उत्तर सोपं निघालं. एक साधा, गुळगुळीत तांब्याचा पेला होता, ठोके नसलेला. दोन बोटं मध्यावरून गेलेली. वर तेच तांबं, खाली तेच तांबं, उजेडाचा पट्टा वरून खाली सरळ येतोय. बोटांच्या वरचा पट्टा आणि खालचा पट्टा जोडला की झालं. इथे मी काही शोधून काढत नाहीये, जे दोन्ही बाजूंना दिसतंय तेच मध्ये नेतेय. असा हात बिनधास्त काढा.

काही ठिकाणी उत्तर दुसऱ्या फोटोत होतं. पुतण्याने एकेका भांड्याचे दोन-तीन फोटो काढले होते, आणि काकांनी पकड बदलली होती. पहिल्या फोटोत अंगठ्याखाली असलेला काठ दुसऱ्यात मोकळा. मग तो तुकडा तिथून आणता येतो. कोन थोडा बदललेला असतो, उजेड थोडा कमीजास्त, जुळवायला वेळ लागतो, पण तो तुकडा खरा आहे.

आणि काही ठिकाणी उत्तर कुठेच नव्हतं. दांड्याचा जोड, झाकणाची कडी, बुडाचा आकार, काकांचा ठसा. भांड्याच्या बुडाजवळ ते एक छोटी खूण उमटवतात आणि नेमका तिथे तळवा. अशा जागी हात काढायचा नाही. एकतर हात ठेवायचा, नाहीतर फोटो परत काढायचा. तिसरा रस्ता नाही. खाण्याच्या वस्तूंचे फोटो करणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवा: बोटाखाली लेबल असेल, वजन, किंमत, तारीख, परवाना क्रमांक, तर त्यातलं एक अक्षरही अंदाजाने काढायचं नाही.

मठारकामाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला वाटलं होतं ते सोपं जाईल. ठोकेच तर आहेत, एकसारखे, शेजारचे चार उचलून इथे लावले की झालं. तसं होत नाही. हाताने ठोकलेले ठोके एकसारखे दिसतात, पण असतात वेगवेगळे. तुम्ही चार उचलून तीनदा लावले की डोळ्याला ते लगेच कळतं. का खटकतंय ते सांगता येत नाही, पण भांडं मशीनमधून आल्यासारखं दिसतं. आणि हे भांडं विकलं जातं ते हातकाम म्हणून! मग मी दुसरी युक्ती केली. डावी बाजू आरशासारखी उलटवली आणि उजवीकडे लावली. ठोके वेगळे दिसायला लागले, पण उजेड उलटा झाला. दार डावीकडे, म्हणजे प्रत्येक ठोक्यात चकाकी डावीकडे. उलटवलेल्या भागात ती उजवीकडे. भांड्याला दोन सूर्य.

त्याहून वाईट म्हणजे प्रतिबिंब. चिंच लावून घासलेलं तांबं म्हणजे जवळजवळ आरसाच, आणि प्रत्येक ठोका म्हणजे त्यातला एक चिमुकला आरसा. बोट भांड्याला जिथे टेकतं, त्याच्या आजूबाजूच्या दहा-बारा ठोक्यांत त्या बोटाचा एकेक तुकडा दिसत असतो. तुम्ही बोट काढलंत, पण ते तुकडे तसेच राहिले. पांढऱ्या पानावर एकटं उभं असलेलं भांडं, आणि त्याच्या पोटावर कुणाच्या तरी हाताची तपकिरी सावली. भुताटकीच वाटते.

हे पकडायचं कसं? माझी पद्धत सांगते. फोटो तात्पुरता काळा-पांढरा करते. तांबं आणि कातडी, दोन्ही नारिंगी-तपकिरी घराण्यातले रंग, त्यामुळे रंगीत फोटोत बोटाचं प्रतिबिंब तांब्यात मिसळून जातं. रंग काढला की गडद डाग वेगळा उठून दिसतो. मग फोटो आडवा उलटवून बघते. आपल्या डोळ्याला त्या चित्राची सवय झालेली असते, उलटं केलं की सवय मोडते. फोनवर काम करत असाल तर जवळजवळ प्रत्येक एडिटिंग ॲपमध्ये ही दोन्ही बटणं असतात. दोन मिनिटांचं काम आहे.

या रंगाच्या घराण्यावरून आठवलं. पुतण्याने एकदा विचारलं होतं, 'ताई, हात ठेवणार असाल तर थोडा गोरा करता येईल का?' असं विचारणारे खूप भेटतात, साबणवाले, दागिनेवाले, सगळे. मला ते मुळातच पटत नाही, ते एक सोडा. पण इथे ते कामाच्या दृष्टीनेही शक्य नव्हतं. कातडीचा नारिंगी रंग फिकट करायला गेलं की त्याच झटक्यात तांब्याचाही रंग फिकट होतो, आणि तांबं पितळेसारखं दिसायला लागतं. हात वेगळा मास्क करून फक्त त्याचाच रंग बदलला, तर बोटांची तांब्यातली प्रतिबिंबं जुन्याच रंगाची राहतात. हात एका माणसाचा आणि प्रतिबिंब दुसऱ्याचं. मी त्याला हे स्क्रीनवर करून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, राहू द्या.

आता दुसरी बाजू. समजा, बोटांखाली काय आहे ते माहीत आहे, काढणं सोपं आहे. तरी कधीकधी हात ठेवावा. कधी?

काकांकडे दोन लोटे होते. एक पूजेचा, जेमतेम पाव लिटरचा, आणि एक पाण्याचा, सव्वा लिटरचा. आकार तोच, गळा तसाच, ठोके तसेच. हात काढून दोन्ही पांढऱ्यावर शेजारी ठेवले, आणि कॅटलॉगच्या चौकटीत बसवायला दोन्ही सारख्याच उंचीचे केले. मला स्वतःला ओळखता येईना कुठला कुठला. खाली मापं लिहिली होती, हो. पण लोक माप वाचायच्या आधी फोटो बघतात, आणि फोटोत दोन्ही लोटे एकच होते. छोट्या लोट्याच्या फोटोत हात परत आणला. काकांची तीन बोटं त्याच्या पोटाभोवती पूर्ण फिरून पलीकडे गेलेली. बघितल्या बघितल्या कळतं, हा देवघरातला आहे.

म्हणजे हात माप सांगत असेल, किंवा वस्तू कशी धरायची हे सांगत असेल, तर तो फोटोत काम करतोय. पळी धरलेला हात, झाकण उचलणारा हात, जग तिरका करून ओतणारा हात. पण भांडं नुसतं टेबलाअभावी धरलंय, तर तो हात म्हणजे स्टँड आहे. स्टँड काढायचा. मात्र एक लक्षात ठेवा, हात म्हणजे फूटपट्टी नव्हे. माझा हात आणि काकांचा हात यात खूप फरक आहे. हात ठेवला तरी खाली उंची आणि लिटर लिहायचंच.

आणि फोटो कुठे जाणार आहे हेही बघावं लागतं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला नियम आहे: बॅकग्राउंड शुद्ध पांढरं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. सोबत न मिळणाऱ्या, गोंधळात पाडणाऱ्या गोष्टी त्यात नकोत. तिथे हात घेऊन गेलात तर एक तर फोटो अडकतो, आणि दुसरं म्हणजे हाताने जागा खाल्ल्यामुळे भांडं बारीक होतं. हाताचा फोटो तिथे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला लावायचा. आमचा कॅटलॉग पीडीएफ होता, घरचा कारभार, तिथे नियम आमचे. तरी मी तीच रीत ठेवली: मोठा फोटो हाताशिवाय, शेजारी छोटा फोटो हातासकट.

हात ठेवायचं ठरलं की लोकांची एक ठरलेली चूक होते. बॅकग्राउंड काढणारं ॲप लावतात, ते हाताला मनगटावर कुठेतरी कापतं, आणि पांढऱ्या पानावर तुटलेला पंजा तरंगतो. जेवताना बघवत नाही असं चित्र. हात संपायला कारण लागतं. सगळ्यात सोपं कारण म्हणजे फोटोची कड. हात चौकटीच्या बाहेरून आत येतोय असं दिसू द्या, खालून किंवा बाजूने. मग तो कापलेला वाटत नाही, त्याच्यामागे माणूस आहे असं वाटतं. दुसरं कारण म्हणजे बाही. पण काकांची बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि फोटोत हात मनगटाच्या थोडा पुढेच संपलेला, म्हणून बहुतेक ठिकाणी मला भांडं चौकटीत सरकवून हात कडेला टेकवावा लागला.

बोटांची भांड्यावर पडलेली सावली मात्र ठेवायची. हात ठेवला आणि सावली पुसली की बोटं भांड्यावर चिकटवल्यासारखी दिसतात. नखाखालचं काळं मी ठेवलं. खाण्याची वस्तू असती तर तो फोटो वापरलाच नसता, हात धुऊन परत काढायला सांगितलं असतं. इथे तो भांडी घडवणाऱ्याचा हात आहे.

आणि एक सवय, जी मला आधी असती तर निम्मा त्रास वाचला असता. हात डिलीट करायचा नाही. मास्क करायचा. मास्क म्हणजे तो भाग झाकून ठेवणं, पुसणं नव्हे. मी आता प्रत्येक फाइलमध्ये पेन टूलने दोन वेगळे पाथ काढते, एक भांड्याचा, एक हाताचा, आणि दोघांचे वेगळे लेयर. हात दाखवायचा की नाही हे एका क्लिकवर. आणि मी नव्याने काढलेला प्रत्येक तुकडा तिसऱ्या लेयरवर, कधीच मूळ फोटोवर नाही. तो लेयर एकटा उघडून बघितला की फोटोत माझं किती आणि कॅमेऱ्याचं किती ते समोर दिसतं. जगाच्या फाइलमध्ये असा लेयर असता, तर तो अख्खा रिव्हेट माझ्यासमोर एकटा तरंगत दिसला असता आणि मी पुतण्याला एक फोन केला असता. तेवढंच लागलं असतं.

तर, ३८ पैकी ९ फोटो असे निघाले की ज्यांत बोटांखालचं काहीच माहीत नव्हतं आणि हात ठेवण्यातही अर्थ नव्हता. एका रविवारी मी स्वतः तिकडे गेले. दारात एक स्टूल, त्यावर पांढरा कार्डशीट मागे वळवून उभा केलेला. फोन ट्रायपॉडवर, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक केलेला. उभी राहणारी भांडी सरळ स्टुलावर ठेवली, त्यांना हाताची गरजच नव्हती. घागरीचं बूड गोल, ती डुगडुगत होती. काकूंनी आतून एक जुनी बांगडी आणून दिली. बुडापेक्षा लहान बांगडी खाली ठेवली की घागर तिच्यावर बसते आणि समोरून बांगडी दिसत नाही. पळ्या तंगुसाने टांगल्या, मासे पकडायचा तो पारदर्शक दोरा. तो फोटोतून काढायला एक मिनिटही लागत नाही, कारण त्याच्याखाली झाकलं जातं ते केसाएवढं.

एक झाकण होतं, ज्याला कुठूनही उभं राहता येईना आणि टांगलं की गिरकी घ्यायचं. तिथे काकांनाच धरायला सांगितलं, पण दोनदा. कोपर स्टुलावर टेकवून एकदा डावीकडून धरा, मग झाकण न हलवता दुसऱ्या हाताने उजवीकडून धरा आणि पहिला हात सोडा. दोन फोटो. पहिल्यात उजवी बाजू मोकळी, दुसऱ्यात डावी. दोन्ही एकावर एक ठेवून मोकळ्या बाजू घेतल्या की अख्खं झाकण मिळतं, आणि त्यातलं काहीही मी काढलेलं नसतं. झाकण थोडं हललंच, माणूस आहे शेवटी, पण ते जुळवता येतं. फक्त काकांना म्हटलं, फडक्याने धरा. नुकत्याच घासलेल्या तांब्यावर उघडं बोट लागलं की दोन-तीन दिवसांत तिथे काळपट ठसा उठतो, मग हात काढूनही हात दिसतो. त्यावर काका म्हणाले, 'पोरी, हे तू मला सांगतेस?' आणि फडकं आधीच त्यांच्या खांद्यावर होतं.

शेवटचा हिशोब असा झाला. २२ फोटोंत हात काढला. ९ परत काढले. ७ मध्ये हात ठेवला, त्यातला एक जगाचा. त्या फोटोत दांडा मोकळा, दोन्ही रिव्हेट समोर, आणि हात खालून बुडाला आधार देतोय. पीडीएफ तयार झाल्यावर मी फोनवर काकांना दाखवायला गेले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, रिव्हेट मोजले, एक, दोन, आणि मग स्वतःच्या मनगटाकडे बघून म्हणाले, 'दोरा बदलायला पाहिजे होता, मळलाय.'

मी विचारलं, काढू का? एका मिनिटाचं काम आहे, आणि दोऱ्याखाली काय आहे ते मला माहीत आहे.

म्हणाले, 'राहू दे.'